उंदरांच्या वाटा बुजवताना

२ नोव्हेंबर

शेतात भात उभं होतं तोवर घर शांत होतं. कापणी झाली, मळणी झाली, पेंढा मांडवावर चढला आणि रात्री माळ्यावर धावपळ सुरू झाली. आत्या म्हणाल्या, "खाणं शेतातून घरात आलं, मग तेही मागोमाग येणारच." कारण खरंच तेवढंच आहे. शेतात दाणा मिळेनासा झाला की उंदीर घराकडे वळतात, आणि आमच्या घरात यायला वाटा भरपूर आहेत.

गुहागर तालुक्यातलं हे घर आत्यांच्या आजोबांनी बांधलेलं. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, चिऱ्यांमधल्या दरजा मातीने भरलेल्या, वर मंगलोरी कौलं. चिरा उंदराला कुरतडता येत नाही, पण मातीची दरज तो सहज उकरतो.

यंदा औषध घालायचं नाही, असं आम्ही दोघींनी ठरवलं. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक गोळ्यांनी उंदीर जागेवर मरत नाही. काही दिवस हिंडतो आणि शेवटी बिळात किंवा भिंतीच्या पोकळीत जाऊन मरतो. तिथून त्याला काढता येत नाही आणि वास घरभर राहतो. असा अर्धमेला उंदीर मांजराने किंवा घुबडाने खाल्ला तर विष त्यांच्याही पोटात जातं. शिवाय उंदीर मेला तरी वाट उघडीच राहते आणि पुढच्या कापणीला दुसरा येतो. म्हणून यंदा काम वाटांवर करायचं.

आज लेंड्या पाहिल्या. माळ्यावरच्या सुमारे १२ मिलिमीटर लांबीच्या, दोन्ही टोकांना निमुळत्या. हा काळा उंदीर, वाशांवरून आणि तारांवरून चालणारा. माजघरात भाताच्या कणगीमागे सापडल्या त्या जास्त लांब, जाड आणि बोथट टोकांच्या. ती घूस. मागच्या जोत्याशी तिने काढलेल्या मातीचा उकीर पडलेला आहेच. म्हणजे पाहुणे दोन जातींचे आहेत, एक वरून येणारा आणि एक खालून. एक कुरतडतो आणि चढतो, दुसरी मुख्यतः उकरते. दोघांसाठी बंदोबस्त वेगळा लागेल.

३ नोव्हेंबर

आज घराभोवती फिरून आणि आत माळ्यावर चढून प्रत्येक भोक पाहिलं. मोजायला दोन साधनं घेतली, पेन्सिल आणि अंगठा. ज्या फटीत पेन्सिल जाते तिच्यातून घरातला बारका उंदीर जाऊ शकतो, त्याला ६ मिलिमीटरच्या आसपासची फट पुरते. जिथे अंगठा जातो तिथून मोठा उंदीरही शिरतो. डोक्याची कवटी आत गेली की बाकीचं अंग मऊ असतं, ते तो ओढून घेतो. म्हणून "एवढ्याशा भोकातून काय येणार" हा अंदाज डोळ्यांनी बांधण्यात अर्थ नाही.

भोकं खूप सापडली, पण प्रत्येक भोक वाट नसतं. वापरातली वाट ओळखायची खूण म्हणजे काठावरचा काळपट तेलकट डाग. उंदीर रोज त्याच जागी अंग घासत जातो, त्याच्या केसांतलं तेल आणि मळ काठावर चढत जातो. वळचणीखाली, जिथे वासे भिंतीवर टेकतात, तिथल्या एका पोकळीला असा गडद डाग आहे. तशाच दुसऱ्या दोन पोकळ्यांवर कोळ्याची जाळी अख्खी आहेत. त्या दोन आज निर्धोक, तरी पुढे वापरात येऊ शकतात.

संध्याकाळी चुलीतली राख चाळून प्रत्येक संशयित भोकासमोर पातळ पसरली आणि भोकात वर्तमानपत्राचा चुरगळलेला बोळा सैल बसवला. बोळा सकाळी बाहेर पडलेला दिसला तर वाट चालू आहे. राखेवर उमटलेल्या पावलांवरून दिशा कळते. पुढच्या पावलाला चार बोटं, मागच्याला पाच, आणि मध्ये शेपटीची रेघ.

४ नोव्हेंबर

सकाळी चार जागी बोळे सरकलेले होते. वळचणीची ती डागाळलेली पोकळी, माजघराच्या ईशान्य कोपऱ्यातलं जमिनीलगतचं भोक, न्हाणीघराच्या पाइपाभोवतीची फट आणि मागच्या दाराखालची फट. जोत्याबाहेरचं बीळ वेगळंच, तिथे रात्रीत नवी ओली माती आली होती.

माजघरातल्या राखेवरची पावलं भिंतीकडून कणगीकडे आणि परत भिंतीकडे अशी दोन्ही दिशांना होती. त्यावरून घुशीचं बिऱ्हाड घरात नाही, भिंतीपलीकडे जोत्याखाली आहे, हे स्पष्ट झालं. माळ्यावर मात्र पावलं पेंढ्याच्या जुन्या भाऱ्याभोवतीच फिरत होती. तिथे घरटं असणार.

यावरून कामाचा क्रम ठरला. आत राहणाऱ्याला आधी बाहेर काढायचं, मग दार लावायचं. आत उंदीर असताना वाट बुजवली तर तो जोरात कुरतडून नवी वाट काढतो किंवा आत मरतो. घरट्यात पिल्लं असली तर आणखी अडचण. उंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांत विते, आणि पिल्लं आणखी तीन-चार आठवडे तिच्यावर अवलंबून असतात. आई बाहेर अडकली की पिल्लं आत मरतात. पेंढ्याचा भारा उलगडला तेव्हा चिंध्या, सुपारीची सालं आणि कागदाचे तुकडे यांचं घरटं मिळालं. त्यात पिल्लं नव्हती. भारा खाली नेला.

लेंड्या साफ करताना झाडू वापरला नाही. आपल्याकडे पावसाळ्यात आणि त्यानंतर लेप्टोचे रुग्ण निघतात. ते जंतू उंदराच्या मुतातून येतात आणि ओल्या मातीत, पाण्यात टिकतात. सुक्या झाडण्याने धूळ नाकातोंडात जाते ती वेगळीच. म्हणून रबरी हातमोजे घातले, तोंडाला फडकं बांधलं, ब्लीचिंग पावडरचं पाणी शिंपडून दहा-पंधरा मिनिटं मुरू दिलं आणि मग सगळं ओल्या कागदाने गोळा केलं. हातापायावर ओरखडा असेल तर हे काम दुसऱ्याला द्यावं.

५ नोव्हेंबर

बाजारात जाऊन सामान आणलं.

दुकानदाराने आधी फवाऱ्याचा फोम पुढे केला. डब्यातून सुटतो, फुगतो, फट भरते, दिसायला सोपं काम. पण उंदीर तो थर्माकोलसारखा पोखरतो. हवा अडवायला तो ठीक आहे, दात अडवायला नाही.

उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि त्यांचा पुढचा थर मऊ लोखंडापेक्षा कठीण असतो. लाकूड, प्लॅस्टिकचा पाइप, शिसं, ॲल्युमिनियमची मच्छरजाळी, चुन्याचा गिलावा हे सगळं तो खातो. पण कुरतडायला त्याला एक गोष्ट लागते, ती म्हणजे काठ. सपाट, गुळगुळीत पृष्ठभागावर त्याचे दात घसरतात. कडा मिळाली की वरचे दात टेकवून खालच्या दातांनी तो कीस काढत जातो. म्हणून बुजवणं म्हणजे नुसतं भोक भरणं नव्हे, तर दात लावायला कुठेच काठ शिल्लक न ठेवणं. यापुढे प्रत्येक वस्तू मी याच एका प्रश्नाने तपासली.

स्टील वूल घेतलं ते जाड तारेचं. फार बारीक तारेचं पॉलिशच्या कामाला चांगलं, पण ते आमच्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंजून भुगा होतं. स्टेनलेस स्टीलचं मिळालं तर तेच घ्यावं. नाहीतर भांडी घासायच्या स्टेनलेस घासण्याही चालतात, त्यांची तार चपटी आणि लांब असते. याचा गुण असा की दात लावला की ते दबतं, काठ देत नाही, आणि त्याची तार दातांत अडकते. दोष असा की ते सैल कोंबलं तर उंदीर पंजाने ओढून बाहेर काढतो. म्हणजे एकट्याने ते टिकत नाही.

जाळी घेतली वेल्डमेश, पाव इंची चौकटीची, जस्ताचा मुलामा दिलेली. पाव इंच म्हणजे सुमारे ६ मिलिमीटर, बारका उंदीरही अडतो. कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी जाळी यासाठी निरुपयोगी आहे, भोकं मोठी आणि तार पातळ. जाळीचा दोष म्हणजे तिची कापलेली कड. ती उघडी राहिली तर तिथूनच ती उचकटली जाते.

सिमेंटची लहान गोणी आणि चाळलेली वाळू घेतली. सिमेंट वाळलं की सपाट आणि कठीण होतं, पण पहिल्या काही रात्री ते कच्चं असतं, आणि मातीच्या भिंतीशी त्याचं जमत नाही.

तिघांचे दोष पाहिले की काम कळतं. स्टील वूल आतून दात अडवतं, जाळी स्टील वूलला जागेवर धरते, सिमेंट जाळीच्या कडा गाडून टाकतं.

६ नोव्हेंबर

गावातले गवंडीभाऊ आले. वर चढायच्या आधी घरावर टेकलेली आंब्याची फांदी उतरवली. काळा उंदीर फांदीवरून, तारेवरून, पावसाच्या पाण्याच्या पाइपावरून चढतो. झाड कौलांपासून मीटर-दीड मीटर तरी लांब असावं.

वळचणीला सिमेंट लावायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं. वाशांची टोकं मोकळ्या हवेत राहायला हवीत. ती सिमेंटमध्ये गाडली तर पावसाळ्यात ओल धरतात आणि लाकूड कुजतं. शिवाय माळ्याची ऊब याच फटीतून बाहेर जाते. इथे फक्त जाळी.

भाऊंनी दोन वाशांमधलं अंतर मोजून जाळी सगळ्या बाजूंनी दीड-दोन इंच जास्त कापली. कात्रीने कापलेल्या कडा पक्कडीने आत दुमडल्या आणि दुमडलेली बाजू वाशाला आणि भिंतीवरच्या लाकडी पाटाला लावली. नुसते खिळे न मारता वॉशर घालून स्क्रू बसवले, साधारण चार-चार इंचांवर. स्क्रूमधलं अंतर जास्त ठेवलं तर जाळी मध्ये फुगते आणि तीच फट होते. कोळिष्टकं अख्खी असलेल्या पोकळ्यांनाही तसंच केलं. एक वाट बंद झाली की उंदीर शेजारची शोधतोच.

त्याच भिंतीतून विजेची तार आत येते. भाऊ तिथे स्टील वूल कोंबायला निघाले, मी थांबवलं. "भाऊ, तारेजवळ हे नको." स्टील वूलमधून वीज वाहते, त्याच्या बारीक तारा वायरचं वेष्टण कापू शकतात, आणि ठिणगी पडली तर ते पेट घेतं. वायर आधी जाड पाइपातून नेली, मग पाइपाभोवती फक्त सिमेंटचा माल भरला. पाइपाच्या तोंडाला वायर जाईल एवढंच भोक ठेवलेलं टोपण बसवलं. यासाठी मेन स्विच बंद करून काम केलं.

वळचणीची सर्वांत डागाळलेली पोकळी मुद्दाम उघडी ठेवली. तिथे वेल्डमेशचा नळीसारखा तुकडा बाहेरच्या बाजूला लावला, टोकाला आतून ढकलली की उघडणारी आणि सोडली की पडणारी पत्र्याची झडप. बाहेर पडता येतं, परत शिरता येत नाही.

८ नोव्हेंबर

माळ्यावरची राख दोन्ही रात्री कोरी आणि आत कसलाही आवाज नाही. नळी काढून तिथेही जाळी बसवली.

आज माजघराचा कोपरा. हेच सगळ्यांत मोठं काम.

कणगी सरकवली. जमिनीलगत दोन चिऱ्यांच्या मधली दरज मुठीएवढी पोकळ होती. वरून पाहिलं तर मूठभर माल थापला की झालं असं वाटतं. भाऊही म्हणाले, "वहिनी, काचा घालून बुजवून टाकू, आमचे वडील तसंच करायचे." फुटक्या काचा घालायची पद्धत कोकणात जुनी आहे. काच उंदीर खात नाही हे खरं. पण घूस काच कुरतडायला जातच नाही. ती काचेच्या बाजूने माती उकरून दुसरं भोक काढते, आणि पुढे कधी ती भिंत उघडली तर काच आपल्याच हाताला लागते. भाऊंना म्हटलं, "आधी माती किती खोल गेलीय ते पाहू."

बारीक छिन्नीने आणि लोखंडी सळीने मोकळी माती काढत गेलो. खरी कसोटी इथे आहे. सिमेंट मातीला धरत नाही. सैल मातीवर माल थापला तर वाळताना तो किंचित आकसतो, काठाशी केसाएवढी चीर पडते, आणि मातीत पंजा घालून घूस अख्खं डिखळ बाहेर ढकलते. म्हणून चिऱ्याचा कोरा दगड लागेपर्यंत माती काढावीच लागते. आमच्या इथे चार-पाच इंच आत गेल्यावर बाजूंना दगड लागला. मागे मात्र पोकळी तिरकी खाली उतरत होती, बाहेरच्या जोत्याकडे. टॉर्च धरला तेव्हा आत भाताच्या लोंब्या दिसल्या. घूस बिळात धान्य साठवते, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

दगडाचं तोंड ब्रशने घासून धूळ काढली आणि पाणी मारलं. जांभा पाणी फार पितो. कोरडा ठेवला तर मालातलं पाणी शोषून घेतो, सिमेंट नीट पकडत नाही आणि भुसभुशीत राहतं. पाणी मारून थोडं थांबलो, दगड ओला पण त्यावर पाणी साचलेलं नाही, असं झालं तेव्हा पुढे गेलो.

स्टील वूल हातमोजे घालून ओढून मोकळं केलं आणि पोकळीच्या सर्वांत आतल्या टोकाला सळीने ठोकत गेलो. बोटाने दाबलं तरी दबू नये इतकं घट्ट. साधारण दोन इंच जाडीचा बोळा झाला. ओढून पाहिला, सुटला नाही. ही चाचणी महत्त्वाची. आपल्या हाताने निघतं ते घुशीच्या पंजाने नक्की निघतं.

त्यावर पाव इंची जाळीचा तुकडा. भोकापेक्षा तो सगळ्या बाजूंनी मोठा कापला, कडा मागे वाकवून वाटीसारखा केला आणि दगडाच्या दोन्ही बाजूंना टेकेल असा दाबून बसवला. मग माल. एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू, पाणी इतकंच की मुठीत दाबल्यावर गोळा टिकावा आणि पाणी गळू नये. जास्त पाण्याने माल सोपा थापला जातो, पण वाळताना जास्त आकसतो. अर्ध्या तासात संपेल एवढाच माल कालवला. पहिला थर बोटांनी जाळीच्या चौकटींतून आत दाबला, म्हणजे जाळी मालाच्या मधोमध गाडली गेली. तो थोडा ताठरल्यावर दुसरा थर भिंतीच्या तोंडाबरोबर आणून थापीने घोटला. भिंतीपुढे फुगवटा नाही, आत खळगा नाही. हात फिरवला तर चिरा कुठे संपतो आणि माल कुठे सुरू होतो हे कळू नये, एवढं सपाट. तिथे काठ नाही.

रात्रीसाठी त्यावर जाड पत्रा टेकवला आणि पत्र्याला वरवंटा लावून ठेवला. ओलं सिमेंट घुशीला मातीच.

९ नोव्हेंबर

पत्रा हलला नव्हता. भिंतीला कान लावला तेव्हा पलीकडे खरवडल्याचा आवाज येत होता. मालावर भेग नाही. आवाज स्टील वूलपाशीच थांबतो आहे.

या मालाला आता सात दिवस पाणी. पोतं ओलं करून भिंतीला टेकवलंय, दिवसातून दोन-तीनदा शिंपडायचं. सिमेंट वाळल्यामुळे कठीण होतं, असं आपण बोलतो. प्रत्यक्षात ते ओल टिकल्यामुळे कठीण होतं. ओल लवकर गेली तर वरचा थर खडूसारखा राहतो.

आज न्हाणीघराचा पाइपही केला. तिथे प्लॅस्टिकच्या पाइपाभोवती बोटभर फट होती. पद्धत तीच, स्टील वूल, मग पाइपाभोवती कॉलरसारखी कापलेली जाळी, मग माल. फरक एवढाच की प्लॅस्टिक गुळगुळीत असल्याने सिमेंट त्याला पकडत नाही. भाऊंनी पाइपाला जाड सँडपेपर घासून खरखरीत केला आणि जाळीच्या आतल्या कडा पाइपाला तारेने आवळल्या. मोरीचं पाणी जाण्याच्या तोंडाला बाहेरून बिजागरीची पाव इंची जाळी लावली. ही जाळी तुंबते, म्हणूनच बिजागरी. आठवड्यातून एकदा उघडून केस आणि साबणाचा गाळ काढावा लागेल.

११ नोव्हेंबर

आता बाहेरचं बीळ. घरात शिरायची वाट बंद झाल्याने घूस तिथेच आहे.

बिळाला एकच तोंड असतं असं धरून चालायचं नाही. आजूबाजूला शोधलं तर जोत्यापासून हातभर लांब, अळूच्या पानांखाली दुसरं तोंड मिळालं. दोन्ही तोंडांजवळ लोखंडी पिंजरे लावले, आत सुकं खोबरं. भाऊंनी पिंजऱ्यावर सुकी पानं टाकली आणि पहिल्या दिवशी सापळा अडकवून ठेवला, म्हणजे पडूच नये. नवी वस्तू दिसली की घूस टाळते. एकदा ती बिनधास्त आत जाऊन खोबरं खाऊन गेली की मग सापळा लावायचा.

१४ नोव्हेंबर

काल सापळा लावला होता, सकाळी घूस अडकलेली होती. भाऊ पिंजरा घेऊन गेले. तरी बीळ लगेच बुजवलं नाही. दोन्ही तोंडांत सैल माती भरून ठेवली. आणखी कुणी आत असेल तर ती माती बाहेर पडेल.

मागच्या दाराचं काम केलं. फळ्या झिजून खाली अंगठा जाईल एवढी फट झाली होती, आणि कोपऱ्यात कुरतडल्याच्या खुणा होत्या. लाकूड भरून उपयोग नाही, लाकडाला काठ असतोच. दाराच्या तळाला बाहेरच्या बाजूने जस्ताच्या पत्र्याची पट्टी स्क्रूने बसवली, खालची कड आत वळवून. उंबऱ्यावर सिमेंटची पातळ पट्टी घोटली, म्हणजे दार लागल्यावर पेन्सिल जात नाही. पेन्सिल दाराच्या सगळ्या लांबीवर सरकवून पाहावी. मध्ये जात नाही पण कोपऱ्यात जाते, असं पुष्कळदा होतं.

१७ नोव्हेंबर

दोन्ही तोंडांतली माती जशीच्या तशी आहे. आता बीळ मोकळं.

जोत्याला बाहेरून सिमेंट थापून घूस थांबत नाही. ती सिमेंटच्या खालून जाते. इथे लागते ती जमिनीत गाडलेली जाळी. जोत्याच्या कडेने, बिळाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन हात पुढे जाईल असा फूटभर खोल चर खणला. वेल्डमेश काटकोनात वाकवली, एक बाजू जोत्याला टेकवून उभी आणि दुसरी बाजू चराच्या तळाशी बाहेरच्या दिशेने आणखी फूटभर आडवी. घूस भिंतीला लागून खाली उकरते, जाळी लागते, आणि मागे सरून बाहेरून उकरायला सुरुवात करावी हे तिला सहसा सुचत नाही. ती भिंतीपाशीच प्रयत्न करत राहते आणि सोडून देते. उभ्या जाळीची वरची कड मात्र उघडी ठेवायची नाही. ती जोत्याच्या दरजेत घालून मालाने गाडली.

जुनं बीळ आधी दगडगोट्यांनी आणि मुरुमाने ठोकून भरलं. पोकळी तशीच राहिली तर पावसाळ्यात तिथे पाणी साचून जोतं खचतं. हा धोका उंदरापेक्षा मोठा आहे.

भाऊंनी आज जाताना आत्यांना सांगितलं, "आत्या, पुढच्या वेळी मला लवकर बोलवा, उकीर दिसला की लगेच." त्यांचं म्हणणं बरोबर आहे. ताजं बीळ उथळ असतं.

२३ नोव्हेंबर

माजघरातला माल सात दिवसांचा ओलावा घेऊन पक्का झालाय. खिळ्याने ओरखडा काढला तर पांढरी रेघ येते, भुगा पडत नाही. वरच्या काठाला मात्र एक बारीक चीर दिसते. चिरा आणि सिमेंट ऊन-पावसाने सारखे हलत नाहीत, त्यामुळे अशी चीर पडणार. पेन्सिलचं टोक तिच्यात जात नाही, म्हणून आत्ता धोका नाही. तरी सिमेंटचं दाट पाणी ब्रशने चोळून ती भरली.

या कामाची मर्यादाही लिहून ठेवते. सिमेंट फक्त भोकापुरतं वापरलं, भिंतीभर नाही. मातीच्या दरजेच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला तर आतली ओल अडकते आणि चिरा झिजतो. म्हणून बाकीच्या दरजा मातीच्याच राहणार, आणि त्या कधी ना कधी उकरल्या जाणार. जस्ताचा मुलामा समुद्राच्या हवेत हळूहळू जाईल, आणि कौलं फुटली की वळचणीची जाळी असूनही वरून वाट उघडेल. घर बंद होतं ते काही वर्षांपुरतं, कायमचं नाही.

त्यामुळे वर्षातून दोनदा पाहणी ठरवलीय. एक पावसाळ्याआधी, कौलं शाकारताना, तेव्हा माळ्यावर चढून जाळीचे स्क्रू, गंज आणि तेलकट डाग पाहायचे. दुसरी कापणीच्या आधी, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, तेव्हा जोत्याभोवती फिरून उकीर आणि मागच्या दाराची पट्टी पाहायची, आणि एक रात्र माजघराच्या कोपऱ्यात राख पसरायची. राख कोरी राहिली तर भात कणगीत भरायचं. पावलं उमटली तर आधी वाट शोधायची, आणि भात तोवर पत्र्याच्या पिंपात ठेवायचं.